सहलीच्या रोजनिशीतले दोन काळ

इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ शिकवायला सहलीच्या रोजनिशीचे पान सोयीचे पडते. लिहिणारा कुठे आणि किती वाजता बसला आहे हे ठरलेले असते, आणि या दोन काळांची निवड बरीचशी त्यावरच ठरते.

समजा, एक विद्यार्थी रायगड पाहून संध्याकाळी सात वाजता पाचाडला लिहायला बसला आहे:

‘वुई हॅव जस्ट कम डाउन टू पाचाड. वुई लेफ्ट स्कूल अ‍ॅट फाइव्ह धिस मॉर्निंग अँड क्लाइम्ब्ड द स्टेप्स. माय फ्रेंड हॅज लॉस्ट हिज कॅप. इट फ्लू ऑफ अ‍ॅट टकमक टोक. आय हॅव सीन मेनी फोर्ट्स, बट आय हॅव नेव्हर सीन सच अ ड्रॉप.’

टोपीची दोन वाक्ये नीट पाहावीत. ‘हॅज लॉस्ट’ म्हणजे टोपी आत्ता त्याच्याजवळ नाही. केव्हा हरवली हा मुद्दाच नाही. पुढच्याच वाक्यात टकमक टोक येते, प्रसंग ठिकाणाशी बांधला जातो आणि क्रियापद साध्या भूतकाळात जाते. बातमी आधी पूर्ण वर्तमानकाळात, तपशील मग साध्या भूतकाळात, ही इंग्रजीची नेहमीची चाल आहे. शेवटच्या वाक्यात आजवरच्या आयुष्याचा अनुभव मोजला आहे, म्हणून तिथे पुन्हा ‘हॅव सीन’.

मराठी मुलांची चूक बहुधा एकाच जागी होते. मराठीत ‘तो काल आला आहे’ हे वाक्य बिनदिक्कत चालते. त्याच सवयीने ‘ही हॅज कम यस्टरडे’ लिहिले जाते, आणि इंग्रजीला ते चालत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘अ‍ॅट फाइव्ह’ असे संपलेल्या वेळेचे शब्द आले की साधा भूतकाळच हवा. तपासणी सोपी आहे: वाक्य ‘केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर देत असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ काढावे.

‘धिस मॉर्निंग’ मात्र फसवे आहे. सकाळी दहाला गडावर बसून लिहिले तर ‘आय हॅव टेकन टेन फोटोज धिस मॉर्निंग’ बरोबर. सकाळ अजून सुरू आहे, आणखी फोटो निघू शकतात. संध्याकाळी सातला तेच ‘आय टुक’ होते. ‘टुडे’ असेल तर संध्याकाळीही ‘हॅव टेकन’ चालते, कारण दिवस सरलेला नसतो. उतारा देताना वर फक्त तारीख घालून वेळ गाळली, तर अशा वाक्याचे उत्तर चूक की बरोबर हे शिक्षकालाही ठरवता येणार नाही.

‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ यांच्याबाबत थोडी सूट आहे. अमेरिकेत ‘वुई जस्ट केम डाउन’ सर्रास म्हणतात. आपल्याकडची पाठ्यपुस्तके साधारणपणे ब्रिटिश वळणाची असल्याने उत्तरपत्रिकेत ‘हॅव जस्ट कम’ लिहिणे सुरक्षित.