किचनचे कोटेशन: काय धरले, काय वगळले, जादा पैसे कधी

मॉड्युलर किचन दुकानात तयार मिळत नाही. घराची मापे घेऊन ते कारखान्यात कापतात आणि घरी आणून जोडतात. त्यामुळे दर देताना ठेकेदाराला बऱ्याच गोष्टी कळलेल्या नसतात: टाइल्स बसल्यावर भिंत किती पुढे येईल, जुना ओटा कोण फोडणार, ग्राहक फ्रिज मोठा घेईल का. कोटेशनच्या ईमेलमध्ये या न कळलेल्या गोष्टींची सोय तीन ठिकाणी करतात: गृहीतकांत, वगळलेल्या कामांत आणि जादा आकारणीच्या अटींत.

एल आकाराचे, 10 फूट आणि 8 फूट बाजूंचे एक स्वयंपाकघर घेऊ. कोपरा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून 2 फूट वजा केले की खालची कपाटे 16 फूट लांब होतात. अडीच फूट उंची धरून त्यांचे 40 चौरस फूट झाले. वरची कपाटे 12 फूट लांब, 2 फूट उंच, म्हणजे 24. एकूण 64 चौरस फूट. उदाहरणापुरता 2,000 रुपये दर धरला तर 1,28,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटीसह 1,51,040 रुपये होतात. हे मोजमाप समोरून दिसणाऱ्या दारांचे आहे, हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहावे लागते. दुसऱ्या ठेकेदाराने रनिंग फुटाचा दर दिला असेल, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

गृहीतक तपासता येईल असे हवे. ‘चांगल्या प्रतीचे प्लाय’ हे तसे नाही. ‘आयएस 710 दर्जाचे 18 मिमी प्लाय’ हे आहे, कारण तो शिक्का पाटीवर पाहता येतो. ‘लॅमिनेट 1 मिमी, शीटचा दर 1,500 रुपयांपर्यंत’ असे लिहिले की महाग शीट निवडल्यास केवळ फरक द्यायचा, हे आपोआप ठरते. जागेबद्दलही असेच. भिंती ओळंब्यात आणि कोपरा काटकोनात आहे असे धरले असेल, तर चालणारा फरक मिलिमीटरमध्ये द्यावा. कोपरा तपासणे सोपे आहे: एका भिंतीवर 3 फुटांवर आणि दुसरीवर 4 फुटांवर खूण करून तिरके अंतर मोजायचे. ते 5 फूट भरले नाही, तर कोपरा काटकोनात नाही.

वगळलेल्या कामांत खरी भांडणे दोन कारागिरांच्या सीमेवर होतात. हॉबसाठी ग्रॅनाइटमध्ये भोक पाडायचे कोणी? दगडवाला म्हणतो सुताराने, आणि सुताराकडे दगड कापायचे पातेच नसते. चिमणीच्या पाइपसाठी भिंतीतले भोक, सिंकखालची नळजोडणी, जुन्या ओट्याचा राडारोडा उचलणे ही अशीच कामे. ‘इतर कामे वेगळी’ ही ओळ इथे निरुपयोगी असते. काम नावाने लिहून ते कोणी आणि कधीपर्यंत करायचे, हेही द्यावे.

जादा पैशांची अट एखाद्या दिसणाऱ्या घटनेला बांधलेली असावी. ‘बदल केल्यास जादा दर’ यातून बदल कधीचा, हे कळत नाही. नेमकी अट अशी:

‘ड्रॉइंग ईमेलने मंजूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी कटिंग सुरू होईल. त्यानंतर बदललेल्या युनिटचे मूळ पैसे लागतीलच. नव्या युनिटचे त्याच दराने वेगळे लागतील.’

आता ग्राहकाने कटिंगनंतर अर्धा फूट रुंद फ्रिज घेतला आणि शेजारचे 2 फुटी युनिट दीड फूट करायला सांगितले, असे समजू. जुने युनिट वाया गेले. नवे युनिट दीड गुणिले अडीच, म्हणजे 3.75 चौरस फूट. त्याचे 7,500 रुपये आणि जीएसटी 1,350. हेच मंजुरीआधी सांगितले असते, तर क्षेत्रफळ सव्वा चौरस फुटाने घटून बिल करापूर्वी 2,500 रुपयांनी कमी झाले असते. इतका फरक पडतो म्हणून कटिंगची तारीख ग्राहकाला आधी कळवणे भाग आहे.

साइटवर तोंडी सांगितलेल्या कामाचे काय? घरातला एक माणूस लॉफ्ट वाढवायला सांगतो आणि बिल आल्यावर दुसरा म्हणतो, आम्हाला विचारलेच नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 प्रमाणे, फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेतला तर मोबदला द्यावा लागतो; पण किती, हा वाद उरतोच. त्यामुळे मंजुरी देणारी एकच व्यक्ती ईमेलमध्ये नमूद करतात आणि तिचे लेखी उत्तर येईपर्यंत जादा काम सुरू करत नाहीत. ‘मंजूर’ एवढे ईमेलचे उत्तरही चालते. करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अमान्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 10अ सांगते.

बहुतेक कोटेशनांत राहून जाणारी अट ठेकेदारावरची असते. माप त्यानेच चुकीचे घेतले किंवा दार नेताना कोपरा उडाला, तर नवे युनिट त्याच्या खर्चाने होईल आणि त्याची जादा आकारणी होणार नाही, हेही त्याच यादीत लिहायचे असते.