वेदांत की वेदान्त?

शाळेच्या दाखल्यावर ‘वेदांत’, लग्नपत्रिकेत ‘वेदान्त’. मुलगा एकच, आणि दोन्ही रूपं बरोबर.

टिंबाचा उच्चार पुढचं अक्षर ठरवतं. पुढे ‘त’ आला की जीभ दातांकडे जाते आणि टिंब ‘न्’ होतं. ‘अंबिका’त तेच ‘म्’ होतं. हा ‘न्’ किंवा ‘म्’ उघड लिहिला की त्याला परसवर्ण म्हणतात. संस्कृत वळणाची माणसं तसं लिहितात. मराठीच्या नियमांनी मात्र टिंब रूढ केलं, आणि तत्सम शब्दांत परसवर्णाचा पर्याय ठेवला. अर्थ बदलत असेल तिथे तर परसवर्णच हवा: ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये, ‘वेदान्त’ म्हणजे तत्त्वज्ञान. म्हणून या नावाला माझं मत ‘वेदान्त’लाच. ‘संजय’ मात्र ‘सञ्जय’ लिहायला कोण बसतंय!

मुभा सगळीकडे नाही. ‘चिन्मय’चं ‘चिंमय’ होत नाही, कारण तिथला ‘न्’ पुढच्या ‘म’च्या जोडीचा नाही. ‘सिंह’मध्ये उलट टिंबच हवं; ‘ह’ला स्वतःचं अनुनासिक नाही.

संगणकाला ही सवलत कळतेच असं नाही. त्याच्या लेखी ‘वेदांत’ सहा चिन्हांचं, ‘वेदान्त’ सातांचं. यादीत नाव सापडलं नाही, तर दुसऱ्या रूपानेही शोधून पाहा.