सूर्य मागे, उजेड पुढून

नाटकाच्या पोस्टरवर मागे मावळता सूर्य आणि पुढे स्टुडिओत पांढऱ्या पडद्यासमोर टिपलेला नट. तो चिकटवल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या तोंडावर समोरचा उजेड आहे. फोटोशॉपमध्ये आधी Curves ने चेहरा काळवंडू द्यावा, मग सूर्याकडच्या खांद्यावर आणि केसांवर नारिंगी कड रंगवावी. ही कडच खरी जादू करते. कडेला उरलेली पांढरी रेघ पडद्याची असते. मास्क एखाद-दुसरा पिक्सेल आत घेतला की ती जाते. विरळ केस मात्र त्याने कापले जातात, तिथे Decontaminate Colors वापरावे. शेवटी सगळ्या थरांवर एकच रंगछटा चढवावी. मग चित्र कृष्णधवल करून पाहा: नटाच्या सावल्या शेजारच्या सावल्यांपेक्षा फार गडद किंवा फिक्या वाटल्या, तर पोस्टर छपाईला देऊ नका.