तीस सेकंदांत काय सांगाल?

‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ असं म्हटलं की नुकतीच पदवी घेतलेली बहुतेक मुलं गाव, वडिलांचा व्यवसाय, दहावी-बारावीचे टक्के आणि छंद या क्रमाने बोलू लागतात. कॉलेजांतल्या सराव मुलाखतींत मी हे नेहमी ऐकतो आणि वाईट वाटतं. त्यातलं बरंचसं समोरच्याच्या हातातल्या बायोडेटात असतंच.

तीस सेकंदांत सावकाश बोललं तर मराठीत पन्नास-साठ शब्द बसतात. त्यातले निम्मे शब्द आपण स्वतः केलेल्या एखाद्या कामासाठी राखून ठेवावेत. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेली बी.कॉम. झालेली मुलगी नाव सांगून पुढे असं बोलू शकते :

‘मी यंदा बी.कॉम. झाले. शेवटच्या वर्षी सहा महिने एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम केलं. तिथे बारा व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं मी दर महिन्याला जीएसटीआर-२बीशी ताडून पाहायचे आणि जी जुळत नसत, त्यांच्यासाठी पुरवठादारांना फोन करायचे. तुमच्याकडे हेच काम जास्त मोठ्या प्रमाणावर करायला मिळेल, म्हणून अर्ज केला.’

आत्ता मी कोण, काय केलं आणि इथेच का आले, एवढंच यात आहे. ‘मी मेहनती आहे’ हे वाक्य तिला लागलंच नाही, कारण पुरवठादारांना केलेल्या फोनमधून ते कळलं. शिवाय पुढचा प्रश्न बहुधा तिच्याच वाक्यातून निघतो : ‘बिल जुळत नाही म्हणजे काय होतं?’ पुरवठादाराने विवरणपत्र भरलेलं नसतं किंवा बिलाचा नंबर चुकलेला असतो, आणि ते दुरुस्त होईपर्यंत व्यापाऱ्याचं इनपुट क्रेडिट अडकतं, हे उत्तर तिच्या रोजच्या कामातलं आहे. म्हणूनच ज्यावर आणखी दोन प्रश्न झेलता येणार नाहीत, ते काम परिचयात घालू नये. ‘बारा’ हा आकडाही खराच हवा. आणि नोकरी केलीच नसेल, तर प्रोजेक्टमधला स्वतःच्या वाट्याचा भाग सांगावा, अख्ख्या गटाचा नव्हे.

घोळ होतो तो पाठांतरामुळे. शब्दन् शब्द घोकला की सूर शाळेतल्या भाषणासारखा चढतो आणि एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. कागदावर ‘बी.कॉम., सहा महिने, बारा व्यापारी, फोन, इथे का’ एवढेच टिपण ठेवावे आणि वाक्यं दर वेळी नव्याने जुळवावीत. मुलाखत इंग्रजीत होणार असेल, तर सरावही इंग्रजीतच करावा. शेवटचं वाक्य संपल्यावर समोरचा दोन क्षण गप्प राहिला, तर ‘बस, एवढंच सर’ म्हणून ती शांतता भरू नये. तो बहुधा पुढचा प्रश्न ठरवत असतो.

आज रात्री फोनवर तीनदा रेकॉर्ड करा आणि ऐका. तिन्ही वेळा शब्द हुबेहूब तेच आले, तर टिपण बाजूला ठेवून चौथ्यांदा बोला.