डोसा मधेच का करपतो?

इंडक्शनवर पहिला डोसा घातला की बहुतेक घरांत तक्रार एकच: मध्ये करपला, कडा पांढऱ्याच राहिल्या. दोष पिठाचा नसतो. गॅसची ज्योत तव्याच्या बुडाखाली पसरत कडेपर्यंत जाते. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचं बूड आतूनच तापतं. तेही वेटोळ्याच्या वर येतं तेवढंच. साध्या घरगुती शेगडीत वेटोळं तव्यापेक्षा बरंच लहान असतं. त्यावर ३० सेंमीचा तवा ठेवला, तर कडेला पोचते ती मधून सरकत आलेली उष्णता. बिडातून ती सावकाश सरकते.

म्हणून बिडाचा तवा घाईनं तापवू नका. मी ८०० वॅटच्या आसपास ठेवून सात-आठ मिनिटं थांबते. मग कडेला पाण्याचे थेंब टाकून पाहते. तिथेही ते चुरचुरून लगेच उडाले, की तवा तयार. मधे पाणी शिंपडून अर्ध्या कांद्यानं तेल पुसायचं, पीठ ओतायचं, आणि डोसा वेटोळ्यापेक्षा फार मोठा करायचा नाही. पूर्ण वॅटवर रिकामा पातळ तवा ठेवला तर त्याचं बूड फुगून वाकडं होतं आणि मग तो काचेवर गरगर फिरतो.

बुडाला चुंबक घट्ट चिकटला तर भांडं चालतं. बीड, लोखंड चालतं. नुसतं ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, माती चालत नाही. स्टीलचं मात्र सांगता येत नाही, चुंबक लावूनच पाहावं. बूड सपाटही हवं, त्यामुळे आजीची गोल बुडाची कढई इथे उपयोगाची नाही.

तळताना अडचण वेगळी. गॅसवर आच डोळ्यांना दिसते; इथे दिसतो तो आकडा. शेगडीचा तापमापक काचेखाली असतो, तेलात नाही. १८० अंश लावले म्हणजे तेल १८० झालं, असं समजू नका. शिवाय कमी आचेवर अनेक शेगड्या काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशा चालतात. पातळ बुडाच्या कढईत भज्यांभोवतीचे बुडबुडे उसळतात, निवतात, पुन्हा उसळतात, ते यामुळेच. जाड बूड हा चढउतार झेलतं.

तेल मध्यम आचेवर तापवा आणि पिठाचा ठिपका टाकून बघा. तो तळाला बसला तर तेल गार आहे, लगेच वर येऊन तांबूस झाला तर जास्त तापलंय. पुरी सोडण्याच्या क्षणी आच एक पायरी वाढवा, कारण थंड पुरी तेलाला निववते. कढईत तेल अगदी थोडं असेल तर ते झपाट्यानं तापतं आणि तापमापकाला उशिरा कळतं. तेलातून धूर दिसताच शेगडी बंद करा, आणि तेल तापत असताना ओट्यापासून हलू नका.