जन्मवेळ माहीत नाही, म्हणून दुपारचे बारा

महाराष्ट्रात साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी तारीख विचारली, घरच्यांना सांगता आली नाही, मग गुरुजींनीच ती लावून दिली. अशा तारखेवर पत्रिका मांडण्यात अर्थच नाही. त्या तारखेला सूर्य दर वर्षी वृषभेत सोळा-सतरा अंशांवर असतो, म्हणजे ही सगळी मंडळी कागदोपत्री एकाच सूर्याखाली जन्मलेली ठरतात. पण तारीख खरी आहे आणि फक्त वेळ हरवली आहे, अशीही माणसं खूप. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसते. घरातली जाणती माणसं गेली की "पहाटे झालास" एवढं सांगणारंही कोणी उरत नाही. अशा वेळी ज्योतिषी दुपारी बाराची कुंडली मांडतात. सॉफ्टवेअरमध्ये वेळ रिकामी ठेवली तर काही ठिकाणी तेही मुकाट्याने बारा धरतं आणि नेहमीसारखी चाळीस पानी पत्रिका छापून देतं. त्या चाळीस पानांतली किती खरी मानायची?

आधी बाराच का, ते पाहू. खरी वेळ मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत कुठेही असू शकते. मधली वेळ धरली की चूक कोणत्याही बाजूला बारा तासांपेक्षा जास्त होत नाही. बारा तासांत गुरू-शनी जागचे हलले असं म्हणवत नाही, सूर्य जेमतेम अर्धा अंश सरकतो, बुध-शुक्र फार तर एखादा अंश. गडबड करणारे दोघेच. चंद्र दिवसाला बारा ते पंधरा अंश चालतो, आणि लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, साधारण दर दोन तासांनी बदलते. म्हणजे मध्यान्ह कुंडलीत ग्रहांच्या राशी बऱ्याच विश्वासाच्या, चंद्र संशयित, आणि लग्न निव्वळ मानलेलं.

याचं उत्तम उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ज्योतिषी स्वतंत्र भारताची पत्रिका १५ ऑगस्ट १९४७, रात्री शून्य वाजता, दिल्ली, अशी मांडतात. चित्रापक्षीय अयनांशाने तिचं लग्न वृषभ येतं, आणि रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी असे पाच ग्रह कर्केत, म्हणजे तिसऱ्या स्थानी. आता क्षणभर समजा की ही वेळ कोणी नोंदवलीच नाही, हाती फक्त तारीख आहे. आपण दुपारी बाराची कुंडली मांडतो. लग्न येतं तूळ. गुरू तुळेतच, म्हणजे थेट लग्नी. कर्केतले तेच पाच ग्रह आता दशमात जाऊन बसतात, आणि त्यांच्यातला शनी तूळ लग्नाला योगकारक. ही पत्रिका एखाद्या उत्साही ज्योतिषाच्या हाती पडली तर राजयोगावर तासभर बोलेल. प्रत्यक्षात आकाश तेच, ग्रह त्याच राशींत, बदललं आहे फक्त आपण भरलेलं घड्याळ.

हा योगायोग नाही, आणि मध्यान्ह कुंडलीची सर्वांत मोठी फसगत इथेच आहे. दुपारी बाराला सूर्य माथ्यावर असतो आणि कुंडलीत माथा म्हणजे दशम. म्हणून मध्यान्ह कुंडलीत रवी बहुधा दशमात, नाहीतर त्याच्या शेजारच्या घरात सापडतो. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र ४७ अंशांपलीकडे, त्यामुळे तेही वरच्याच भागात घुटमळतात. दशमातला रवी दिग्बली, त्याचं फळ सत्ता, मान, सरकारदरबारी वजन, असं ग्रंथ सांगतात. म्हणजे ज्याची वेळ हरवली तो प्रत्येक जण कलेक्टर व्हायचा. स्थानांवरून फळ सांगणारी सगळी पानं, तुमचं धनस्थान, संततीस्थान, भाग्यस्थान वगैरे, अशा पत्रिकेतून सरळ फाडून टाकावीत. लग्न आणि दशमबिंदूवर उभी असलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्याबरोबर जाते. नवमांश लग्न तर सव्वा तेरा मिनिटांच्या आसपास बदलतं, त्याचं नावही काढू नये.

मंगळाचा प्रश्न याच पानांवर येतो, आणि त्यावरून स्थळं मोडतात म्हणून तो जरा थांबून पाहायला हवा. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर मंगळाची पत्रिका, हा आपल्याकडचा रूढ नियम. १५ ऑगस्टला मंगळ दिवसभर मिथुनेत होता. दिवसभरात बारा लग्नं उगवून जातात, त्यातली मिथुन, कर्क, वृश्चिक, धनू आणि मीन ही पाच मंगळाला या घरांत बसवतात. म्हणजे त्या दिवशी जन्मलेली मुलगी चोवीसपैकी साधारण दहा तास मंगळाची आणि चौदा तास बिनमंगळाची. मध्यान्ह कुंडली दाखवते बिनमंगळाची, कारण तुळेपासून मिथुन नववी. हे उत्तर वेळेच्या अंदाजातून आलेलं आहे, आकाशातून नव्हे. "लग्नावरून मंगळ आहे की नाही हे सांगता येत नाही," एवढंच प्रामाणिक वाक्य. चंद्रावरून मंगळ पाहणारे मात्र इथे काही बोलू शकतात, कारण त्या दिवशी चंद्र पूर्णवेळ कर्केत होता आणि कर्केपासून मिथुन बारावी.

तेव्हा सगळा भार चंद्रावर येतो. जुने ज्योतिषी वेळ नसली की चंद्राची रास पहिल्या घरात ठेवून चंद्रकुंडली वाचतात, ते याचसाठी. पण चंद्र कोणत्या राशीत आहे हे बाराचा कागद पाहून ठरवायचं नाही. तीन कुंडल्या मांडायच्या, एक रात्री शून्य वाजताची, एक दुपारची, एक त्याच रात्री बाराची, आणि तिन्हींत जे बदलत नाही तेवढंच ठेवायचं. रास ३० अंशांची आणि चंद्राची सरासरी चाल दिवसाला सव्वातेरा अंश, म्हणजे शंभर तारखा घेतल्या तर साधारण चव्वेचाळीस तारखांना चंद्र दिवसात कधीतरी रास बदलतो. उरलेल्या छप्पन्न तारखांवर जन्मलेल्यांना आपली रास खात्रीने सांगता येते, आणि रास सांगता आली की साडेसाती, गुरूचं भ्रमण, गोचरीचं सगळंच पाहता येतं. आपल्या उदाहरणात चंद्र त्या पहाटेच्याही आधी, १४ तारखेच्या संध्याकाळी, कर्केत शिरला होता आणि १६ च्या संध्याकाळपर्यंत तिथेच होता. रास कर्क, वेळ काहीही असो.

नक्षत्राची गोष्ट वेगळी. ते तेरा अंश वीस कलांचं, चंद्राच्या एका दिवसाच्या चालीएवढंच, म्हणून जवळजवळ प्रत्येक तारखेला दोन नक्षत्रं असतात. त्या वेळी चंद्र जलद होता, दिवसाला पंधरा अंशांच्या आसपास. मध्यरात्री तो पुष्यात अगदी सुरुवातीला होता, रात्री आठच्या सुमारास पुष्य संपलं आणि आश्लेषा लागली. हे पाहायला संगणकही लागत नाही, त्या वर्षीचं पंचांग मिळालं तर नक्षत्र कधी संपलं ती वेळ रोजच्या ओळीत छापलेली असते. पण परिणाम बघा. पुष्य देवगणी आणि मध्य नाडीचं, आश्लेषा राक्षसगणी आणि अंत्य नाडीचं. गुणमेलनात नाडीचेच आठ गुण आणि गणाचे सहा. सॉफ्टवेअर मात्र बाराचा चंद्र धरून पुष्य लिहील आणि "छत्तीसपैकी सत्तावीस" असा ठाम आकडा देईल. दोन्ही नक्षत्रांवर गुण काढून दोन आकडे लिहिले तर ते निदान खोटं होणार नाही.

विंशोत्तरी दशेत हीच ढिलाई वर्षांच्या हिशेबात जाते. पुष्याचा स्वामी शनी, त्याची महादशा १९ वर्षांची, आणि जन्मवेळी नक्षत्र जेवढं उरलं असेल तेवढाच तिचा भाग वाट्याला येतो. शून्य वाजता जवळजवळ पूर्ण पुष्य शिल्लक होतं, म्हणून शनी सुमारे अठरा वर्षं, १९६५ पर्यंत. दुपारी बाराला शिल्लक सात वर्षांची, म्हणजे शनी १९५४ मध्येच संपला आणि बुध सुरू झाला. जन्म रात्री बाराच्या तोंडाशी असेल तर सुरुवातच आश्लेषेच्या बुधाने, तो १९६१ च्या मध्याला संपून केतू. आता १९६२ चं ऑक्टोबर घ्या, चीनचं आक्रमण. पहिल्या पत्रिकेत शनी, दुसरीत बुध, तिसरीत केतू. मला यातली गंमत अशी वाटते की तिघांचंही समर्थन करता येतं. शनी दुःखकारक म्हणून, बुध करारमदार आणि शेजाऱ्यांचा म्हणून, केतू अचानक घात करणारा म्हणून.

जन्मवेळ शोधनाकडे मी सावधपणे पाहतो ते यामुळेच. लग्न कधी झालं, वडील कधी गेले, नोकरी कधी लागली, असे प्रसंग विचारून ज्योतिषी उलट हिशेबाने वेळ काढतात. बारा लग्नं आणि इतक्या दशा-अंतर्दशा हाताशी असल्या की काहीतरी जुळतंच. एक तपासणी मात्र करून घेता येते. आयुष्यातले दहा ठळक प्रसंग लिहा, पाच ज्योतिषाला द्या, पाच खिशात ठेवा. त्याने काढलेल्या वेळेवरून खिशातले पाच त्याला सांगता येतात का, बघा. तयार होणारे ज्योतिषी कमी असतील.

वेळ अचूक मिळाली म्हणजे भाकीत अचूक, असंही समजू नये. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते विचारलं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरं पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून पन्नास येतात. या लेखात "सांगता येतं" म्हटलं आहे ते ज्योतिषाच्या स्वतःच्या नियमांत राहून सांगता येतं, एवढ्याच अर्थाने.

कुंडली मांडायला बसण्याआधी घरच्यांना एक गोष्ट विचारून घ्यावी. आठवतं आहे ते तारखेने की वाराने? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरची तारीख मध्यरात्री. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार, पण पंचांगाच्या हिशेबाने ती मध्यरात्र गुरुवारची. एखाद्या आजीने नुसतं "गुरुवारी झाला" असं सांगितलं असेल तर आपला दिवस १४ च्या सूर्योदयापासून १५ च्या सूर्योदयापर्यंतचा धरावा लागतो, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चंद्र मिथुनेत होता.