ऋण उत्तर खोटे नसते

अकरावीच्या वर्गात लॉगरिदमची समीकरणे सुरू झाली की एक नियम मुलांमध्ये तोंडी फिरू लागतो. दोन उत्तरे आली आणि त्यातले एक ऋण असेल, तर ऋण उत्तर खोडायचे. पाठ करायला सोपा, आणि पुस्तकातल्या पुष्कळ उदाहरणांत उत्तरही बरोबर देतो. पण हा नियम चुकीचा आहे. जे उत्तर टाकायला हवे ते तो कधी ठेवतो, आणि जे ठेवायला हवे ते कधी टाकतो. तो का चुकतो हे नीट पाहिले, तर एकाहून अधिक लॉग असलेले समीकरण सोडवण्याची सगळी रीतच उलगडते.

हे समीकरण घेऊ:

log x + log (x − 3) = 1

इथे लॉगचा पाया १० आहे. log 100 म्हणजे २, कारण १० चा दुसरा घात १०० होतो. एखाद्या संख्येचा लॉग म्हणजे ती संख्या मिळवण्यासाठी १० वर चढवावा लागणारा घातांक. एवढी व्याख्या मनात पक्की असली की पुढचे सारे तिच्यातूनच निघते.

आपल्या समीकरणात अडचण अशी की अज्ञात x एका नव्हे, दोन लॉगांच्या आत बसला आहे. एकच लॉग असता तर काम सरळ होते. log x = 1 असेल तर x = 10, संपले. म्हणून पहिले काम दोन लॉगांचा एक लॉग करणे. लॉगरिदमचा जन्म ज्या गुणासाठी झाला, तोच गुण इथे उपयोगी पडतो. स्कॉटलंडमधल्या जॉन नेपियरने १६१४ साली लॉगरिदमचे पहिले कोष्टक छापले, ते मोठमोठे गुणाकार बेरजेने करता यावेत म्हणून. पुढे लंडनच्या हेन्री ब्रिग्जने १० हा पाया धरून नवी कोष्टके तयार केली आणि १६२४ साली प्रसिद्ध केली. त्या कोष्टकांमागचे तत्त्व एका ओळीचे आहे: १० चे दोन घात एकमेकांना गुणले की घातांकांची बेरीज होते. म्हणून दोन संख्यांच्या लॉगांची बेरीज ही त्यांच्या गुणाकाराचा लॉग असते. कोष्टक वापरणारा गुणाकाराकडून बेरजेकडे जायचा. समीकरण सोडवताना आपण उलट्या दिशेने, बेरजेकडून गुणाकाराकडे जातो.

log [x(x − 3)] = 1

आता दुसरे काम. डाव्या बाजूला एकच लॉग आहे. दोन्ही बाजू समान आहेत, म्हणून दोन्ही बाजू १० च्या घातांकाच्या जागी ठेवल्या तरी समानच राहतील. डावीकडे १० आणि लॉग एकमेकांना काटतात आणि लॉगच्या आतला मजकूर उघडा पडतो. उजवीकडे १० चा पहिला घात, म्हणजे १०.

x(x − 3) = 10
x² − 3x − 10 = 0
(x − 5)(x + 2) = 0

उत्तरे दोन, x = 5 आणि x = −2. पाच मूळ समीकरणात ठेवून पाहू. log 5 + log 2, म्हणजे ०.६९९० अधिक ०.३०१०, बरोबर १. जमले. उणे दोन ठेवले तर log (−2) + log (−5) असे येते. १० वर कोणताही वास्तव घातांक चढवा, अगदी ऋण घातांकसुद्धा, येणारी संख्या धनच असते. १० चा उणे दुसरा घात ०.०१ होतो, उणे शंभर होत नाही. म्हणजे ऋण संख्येला वास्तव संख्यांमध्ये लॉगच नाही. उणे दोन बाद.

मग हे उणे दोन आले कुठून? आपण वाटेत एकही चूक केलेली नाही. उत्तर गुणाकारात दडले आहे. मूळ समीकरणाने दोन अटी घातल्या होत्या: x धन हवा आणि x − 3 सुद्धा धन हवा. दोघांचा गुणाकार करून एकच लॉग लिहिला, तेव्हा अट एकच उरली, की गुणाकार धन हवा. आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकारही धनच असतो. दोन दारांवर उभे असलेले दोन पहारेकरी हटवून आपण फाटकावर एकच ठेवला. दोन्ही ऋण संख्या जोडीने आल्या, तर तो त्यांना ओळखू शकत नाही. उणे दोन आणि उणे पाच नेमके असेच आत शिरले.

आता सुरुवातीच्या नियमाची परीक्षा घेऊ. आणखी दोन समीकरणे पाहा:

log (x + 6) + log (x + 3) = 1
log (x − 5) + log (x − 8) = 1

पहिल्यात लॉग एकत्र करून दोन्ही बाजू १० वर चढवल्या की x² + 9x + 8 = 0 मिळते आणि उत्तरे येतात −1 व −8. दोन्ही ऋण. ‘ऋण खोडा’ म्हणणारा विद्यार्थी लिहील की उकल नाही. पण x = −1 ठेवून पाहा. log 5 + log 2, म्हणजे १. उत्तर अगदी खरे आहे. x = −8 ठेवले तर log (−2) + log (−5), म्हणून ते बाद.

दुसऱ्यात x² − 13x + 30 = 0, म्हणजे उत्तरे 10 आणि 3. दोन्ही धन. तोच विद्यार्थी दोन्ही ठेवील. पण दहा ठेवल्यावर log 5 + log 2 येते आणि तीन ठेवल्यावर पुन्हा log (−2) + log (−5). तीन ही धन संख्या असूनही बाद.

तिन्ही समीकरणांत तेच चार आकडे परत परत का आले? कारण तिन्ही समीकरणे एकच प्रश्न विचारतात: ज्यांत तीनचा फरक आहे आणि ज्यांचा गुणाकार दहा आहे, अशा दोन संख्या कोणत्या? अशा जोड्या दोनच आहेत, ५ आणि २, किंवा −२ आणि −५. पहिल्या जोडीला लॉग आहे, दुसरीला नाही. x ची स्वतःची किंमत मात्र संख्यारेषेवर कुठेही असू शकते. म्हणून पाहायचे ते x चे चिन्ह नव्हे. लॉगच्या आत जे बसले आहे, त्याचे चिन्ह पाहायचे.

यावरून कामाचा क्रम ठरतो. समीकरणाला हात लावण्याआधी प्रत्येक लॉगच्या आतला मजकूर शून्यापेक्षा मोठा हवा, ही अट लिहून ठेवावी. पहिल्या समीकरणात x > 0 आणि x > 3, म्हणजे दोन्ही मिळून x > 3. दुसऱ्यात x > −3. तिसऱ्यात x > 8. मग उत्तरे आल्यावर कोणते राहील आणि कोणते जाईल हे एका नजरेत कळते.

लॉग एकत्र करताना खोटे उत्तर आत येते. उलट दिशेने, लॉग फोडताना, खरे उत्तर हरवू शकते. ही दोन समीकरणे शेजारी ठेवा:

2 log x = log (x + 6)
log x² = log (x + 6)

‘दोनचा गुणक घातांक होऊन वर जातो’ या नियमाने पहिल्याचे दुसरे होते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. दोन्हींतून x² = x + 6 मिळते आणि उत्तरे येतात 3 व −2. पण पहिल्यात x चा लॉग घ्यायचा आहे, म्हणून x धनच हवा आणि उत्तर फक्त तीन. दुसऱ्यात लॉग x² चा आहे. उणे दोनचा वर्ग चार, उजवीकडे −2 + 6 सुद्धा चार, म्हणून दोन्ही उत्तरे खरी. परीक्षेत दुसरे समीकरण आले आणि सवयीने तुम्ही दोनचा आकडा खाली उतरवून पहिले करून घेतले, तर एक खरे उत्तर हातचे गेले.

याहून वेगळी आणि अधिक वेळा दिसणारी चूक दोन्ही बाजू १० वर चढवण्याच्या पायरीत होते. लॉग एकत्र न करताच विद्यार्थी प्रत्येक पद सुटे सुटे १० वर चढवतो आणि लिहितो:

x + (x − 3) = 10

उत्तर येते ६.५. ते मूळ समीकरणात ठेवा: log 6.5 + log 3.5, म्हणजे log 22.75, जवळपास १.३६. हवा होता १. चूक अशी की घातांकाच्या जागी डावी बाजू अख्खी चढवायला हवी, आणि घातांकात बेरीज असली की १० च्या घातांचा गुणाकार होतो, बेरीज नाही. आधी लॉग एकत्र करा की थेट १० वर चढवा, नीट केले तर दोन्ही वाटा x(x − 3) = 10 इथेच पोचतात, कारण दोहोंमागे घातांकांचा एकच नियम आहे.

या रीतीला मर्यादाही आहे. लॉगांची बेरीज किंवा वजाबाकी असेल तरच ते एकत्र होतात. (log x)(log (x − 3)) असा गुणाकार असेल, तर त्याचा एक लॉग करणारा कोणताही नियम नाही. आणि लॉगांचे पाये वेगवेगळे असतील, तर आधी पाया एक करून घ्यावा लागतो.

वजाबाकीचे एक उदाहरण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज घडते. ॲसिटिक आम्ल आणि त्याचे सोडियम क्षार मिळून ०.१ मोल घ्यायचे आहेत आणि द्रावणाचा सामू ५ हवा आहे. या आम्लाचा pKa सुमारे ४.७६ असतो. क्षार x मोल असेल तर आम्ल 0.1 − x मोल, आणि हेंडरसन-हॅसेलबाल्कच्या सूत्रावरून समीकरण होते:

log x − log (0.1 − x) = 0.24

लॉगांची वजाबाकी म्हणजे भागाकाराचा लॉग. दोन्ही बाजू १० वर चढवल्या की x / (0.1 − x) = 1.738, आणि x जवळपास ०.०६३५ मोल. लॉगच्या अटी इथे x > 0 आणि x < 0.1 अशा आहेत. त्यांचा अर्थ प्रयोगशाळेत उघड आहे: क्षार आणि आम्ल दोन्ही काही ना काही असायला हवे. उत्तर त्या दोन अटींच्या मधे बसते, म्हणून ते ग्राह्य.

तेव्हा ‘ऋण उत्तर खोडा’ हा नियमच खोडून टाका. प्रत्येक लॉगच्या आतली अट पहिल्या ओळीत लिहा, आणि शेवटी आलेले प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात, लॉग एकत्र करण्याआधीच्या ओळीत, ठेवून पाहा.